ट्रान्सपोर्टमधून दर खेपेला माल कमी येतोय? आधी गळती कुठे आहे ते शोधा, मग पत्र लिहा (आमचं पत्र खाली दिलंय)

लातूरला आमचं इलेक्ट्रिकल मालाचं होलसेल दुकान आहे, वायरचा माल भिवंडीच्या गोडाऊनवरून पार्ट लोडमध्ये येतो आणि गेल्या वर्षी जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत चार वेळा बॉक्समधून कॉइल गायब झाल्या. नग मात्र दरवेळी बरोबर. बिल्टीवर ३६ नग तर आले पण ३६च, फक्त त्यातला एखादा बॉक्स उचलला की हाताला हलका लागायचा. पहिल्या दोन वेळी मी ट्रान्सपोर्टच्या ब्रँचला जाऊन आरडाओरडा केला, व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज टाकले, मॅनेजर म्हणाला "शेठ बघतो, वरती कळवतो" आणि विषय तिथंच संपला. तिसऱ्या वेळी डोकं शांत ठेवून नीट कागद जमवले आणि चौथ्या वेळेनंतर जे पत्र लिहिलं त्यावर पैसे निघाले, पूर्ण नाही पण बरेचसे. ज्यांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी सगळं इथं लिहितोय.

आधी हे मान्य करा की चोरी ट्रान्सपोर्टमध्येच झाली हे तुम्हाला अजून माहीत नाही. मलाही नव्हतं. माल तीन ठिकाणी कमी होऊ शकतो, सप्लायरच्या पॅकिंगमध्ये, रस्त्यात, किंवा आपल्याच दुकानात उतरवून घेताना, आणि तिसरी शक्यता बोलायला नको वाटते पण तपासावी लागते. मी काय केलं तर भिवंडीच्या सप्लायरला सांगितलं की माझ्या मालाचा प्रत्येक बॉक्स काट्यावर ठेवून वजनाचा फोटो पाठवायचा. आमच्याकडे येणाऱ्या २.५ स्क्वेअर एमएमच्या ९० मीटर कॉइलच्या बॉक्सात ८ कॉइल असतात, एक कॉइल साधारण ३ किलो १०० ग्रॅम, खोक्यासकट पूर्ण बॉक्स २५ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे एक जरी कॉइल गेली तरी ३ किलोचा फरक, लपतच नाही. इकडे दुकानात साडेचार हजाराचा प्लॅटफॉर्म काटा घेतला आणि गाडी दारात उभी असतानाच, ड्रायव्हर मामांच्या समोर, एकेक बॉक्स चढवायला लागलो. धर्मकाट्यावर गाडीचं वजन करून काही हाती लागत नाही हे लक्षात घ्या, तिथे बऱ्याच ठिकाणी फरक १०-२० किलोच्या टप्प्यातच दिसतो आणि सहा कॉइल म्हणजे जेमतेम १८-१९ किलो, त्यातच बुडून जातात.

वजनानंतर टेप. सप्लायर कंपनीच्या नावाची छापील टेप लावतो. उघडलेल्या बॉक्सवर त्याच्यावरून साधी खाकी टेप मारलेली सापडली, आणि ती वरच्या बाजूला नाही, तळाला, कारण तळ कोणी बघत नाही. बॉक्सभोवती आवळलेली पट्टी काढून टाकलेली असली तरी पट्टीचा दाब पुठ्ठ्यावर राहतो, दाब आहे आणि पट्टी नाही म्हणजे बॉक्स उघडलाय. मार्चमध्ये तर एका बॉक्समध्ये कॉइलच्या जागी फरशीचे तुकडे निघाले, वजन भरून काढायला, पण घालणाऱ्याने अंदाजानेच घातले होते त्यामुळे काट्यावर तरी पकडलं गेलं. एवढी मेहनत करणारा माणूस घाईत नव्हता, त्याला बसायला जागा आणि वेळ दोन्ही होतं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे चालत्या गाडीत होत नसणार.

मग ट्रान्सपोर्टच्याच वेबसाइटवर बिल्टी नंबर टाकून प्रत्येक खेपेचा प्रवास काढला. भिवंडीहून आमचा माल कधी थेट लातूरच्या गाडीत येतो आणि कधी सोलापूरच्या हबला उतरून दुसऱ्या गाडीत चढतो. चार महिन्यांत सात खेपा होत्या. तीन थेट आल्या, तिन्हीत काहीच कमी नाही. चार सोलापूरला उतरल्या, चारही वेळी माल तिथे किमान दोन रात्री पडून होता आणि चारही वेळी कमी आला. सप्लायर तोच, उतरवणारी माणसं तीच, दुकान तेच, फक्त सोलापूर जास्तीचं. माझ्याकडे कोणाचं नाव नव्हतं, सीसीटीव्ही नव्हता, पण हा सात ओळींचा कागद होता आणि खरं सांगायचं तर पत्रातला सगळ्यात जड भाग हाच ठरला.

आता पहिल्या दोन तक्रारी का वाया गेल्या ते सांगतो, कारण दहातले आठ जण इथेच अडकतात. जानेवारीत आणि फेब्रुवारीत माल उतरवल्यावर आमच्या मुलाने पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, सही शिक्का मारून दिला, "माल बरोबर मिळाला". दुसऱ्या दिवशी बॉक्स उघडले तेव्हा कॉइल कमी. ट्रान्सपोर्टवाला तो कागद दाखवतो आणि म्हणतो तुम्हीच लिहून दिलंय. अशा सहीने दावा कायद्याने संपतो असं नाही, पण तुमची बाजू फार लंगडी होते. तिसऱ्या वेळेपासून मी पीओडीवर सही करायच्या आधी हाताने लिहायला लागलो: "४० पैकी २ नगांची टेप बदललेली, वजन कमी, ड्रायव्हरसमोर उघडून मोजले, ५ कॉइल कमी." खाली ड्रायव्हरची सही, गाडी नंबर, वेळ. ड्रायव्हर सही द्यायला कुरकुर करतो, त्याचं पण खरंय, त्याच्या पगारातून कापतील ही भीती असते, त्याला सांगायचं की मामा तू फक्त बघितलंस एवढंच लिहितोय, तू घेतलंस असं नाही. तरी नाही म्हणाला तर "ड्रायव्हरने सही नाकारली" असं लिहून दोघा शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि तो कागद हातात धरून फोटो काढायचा. त्याच दिवशी ब्रँचला ईमेलही करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

कायद्याचं थोडं, जेवढं पत्राला लागतं तेवढंच. रस्त्याने मालवाहतुकीसाठी कॅरेज बाय रोड अॅक्ट २००७ आहे, १ मार्च २०११ पासून लागू. त्याच्या कलम १६ प्रमाणे माल हरवल्याचा किंवा खराब झाल्याचा दावा कोर्टात करायचा असेल तर त्याआधी ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस गेलेली पाहिजे आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगपासून. आमचं सगळ्यात जुनं बुकिंग १३ जानेवारीचं, म्हणजे १२ जुलैनंतर ती खेप हातातून गेली असती, तोंडी भांडणात आणि "बघतो शेठ" मध्ये सहा महिने आरामात निघून जातात. कलम १२ मध्ये असं आहे की ट्रान्सपोर्टचा निष्काळजीपणा किंवा त्यांच्या माणसाचा गुन्हा तुम्ही सिद्ध करायची गरज नाही, माल दिला होता आणि पूर्ण मिळाला नाही एवढं दाखवलं की बास. आणि एक मर्यादा पण आहे, जास्त जोखमीचा दर भरून बुकिंग केलेलं नसेल तर भरपाई साधारणपणे त्या खेपेच्या भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीसुद्धा बुकिंगला लिहून दिलेल्या किमतीच्या वर नाही. आम्ही बॉक्समागे १३० रुपये भाडं देतो, एप्रिलच्या खेपेतल्या ३८ बॉक्सचं ४,९४० झालं, दहापट ४९,४००, आणि त्या खेपेतलं नुकसान १५ हजाराच्या आसपास, म्हणजे आम्ही आतच होतो. ज्यांचा माल हलका पण महाग आहे, मोबाईलच्या वस्तू वगैरे, त्यांना ही मर्यादा फार लवकर लागते, त्यांनी बुकिंगलाच जास्त जोखमीचा दर विचारून घ्यावा.

रक्कम काढताना एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. जो माल चोरीला गेला त्याच्यावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं. म्हणजे तो टॅक्स पण तुमच्या खिशातून गेला. त्यामुळे दावा टॅक्ससकट करायचा, नुसत्या बेसिक किमतीवर नाही. आमच्या १८ कॉइल, २,१५० चा बिलाचा दर, ३८,७०० झाले, वर १८ टक्के ६,९६६, एकूण ४५,६६६. पहिल्या पत्रात मी चिडून "एक लाख द्या" लिहिलं होतं, मनस्ताप, गिऱ्हाईक गेलं, सगळं मिळवून. त्याचा एकच उपयोग झाला, की त्यांनी पत्र बाजूला टाकलं. बिलातून निघेल तेवढाच आकडा लिहा, म्हणजे वरच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला तो फाईलला लावता येतो.

आणि कोणाला चोर म्हणू नका. सोलापूरच्या गोडाऊनमधल्या एका हमालावर संशय आहे असं मला आमच्याच एका ड्रायव्हरने सांगितलं होतं, मी ते पत्रात घातलं नाही. नाव घातलं की सगळं ऑफिस त्या माणसाच्या बाजूने उभं राहतं नाहीतर त्या एकाला काढून "कारवाई केली" म्हणतात, आणि गोडाऊनचं कुलूप तसंच राहतं.

हे ते पत्र. हेड ऑफिसच्या क्लेम विभागाला, प्रत लातूर ब्रँच मॅनेजरला आणि प्रत सप्लायरला, कारण बिल्टीवर माल पाठवणारा म्हणून नाव सप्लायरचं असतं. उद्या "तुम्ही कोण मागणारे" असं विचारू नये म्हणून सप्लायरकडून एका ओळीचं संमतीपत्र घेतलं होतं, तेही जोडलं. स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि ईमेलने, दोन्हीकडून.

दिनांक २४ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, क्लेम विभाग

विषय: भिवंडी ते लातूर वाहतुकीत चार खेपांमध्ये बॉक्स उघडून माल काढल्याबाबत लेखी नोटीस, रु. ४५,६६६ भरपाई आणि उपाययोजनेची मागणी

महोदय,

आम्ही गेली सहा वर्षे आपल्यामार्फत भिवंडीहून लातूरला माल मागवत आहोत. जानेवारी ते एप्रिल २०२५ या काळात आलेल्या सात खेपांपैकी चार खेपांमध्ये नगांची संख्या बरोबर असूनही बॉक्समधील वायरच्या कॉइल कमी निघाल्या. तपशील असा:

१३ जानेवारीचे बुकिंग, ३६ नग, ४ कॉइल कमी, रु. १०,१४८.
१० फेब्रुवारीचे बुकिंग, ४२ नग, ३ कॉइल कमी, रु. ७,६११.
६ मार्चचे बुकिंग, ४० नग, ५ कॉइल कमी, रु. १२,६८५. पीओडीवर शेरा आणि चालकाची सही आहे. एका बॉक्समध्ये फरशीचे तुकडे भरलेले होते.
१७ एप्रिलचे बुकिंग, ३८ नग, ६ कॉइल कमी, रु. १५,२२२. तीन बॉक्स प्रत्येकी १९ किलो २०० ग्रॅम भरले, पाठवतानाचे वजन २५ किलो ४०० ग्रॅम होते. पीओडीवर शेरा आणि चालकाची सही आहे.

या चारही खेपा आपल्याच नोंदीप्रमाणे सोलापूर हबमध्ये उतरवल्या गेल्या आणि तेथे किमान दोन रात्री होत्या. २७ जानेवारी, २४ फेब्रुवारी आणि २७ मार्च रोजी बुक केलेल्या तीन खेपा थेट गाडीने आल्या, त्यांत काहीही कमी नव्हते. आम्ही कोणा व्यक्तीवर आरोप करत नाही. माल सोलापूर येथे ज्या अवस्थेत उतरला आणि ज्या अवस्थेत चढला त्याची नोंद आपल्याकडे असल्यास ती आम्हाला द्यावी.

जानेवारी आणि फेब्रुवारीच्या पीओडीवर आमच्याकडून शेरा राहिला हे आम्ही मान्य करतो. परंतु बॉक्सची बदललेली टेप, पाठवतानाच्या वजनाची सप्लायरकडील नोंद आणि पुढील दोन खेपांतील तोच प्रकार पाहता या दोन खेपाही एकत्र विचारात घ्याव्यात.

आमची मागणी अशी की वरील रु. ४५,६६६, ज्यात परत कराव्या लागणाऱ्या जीएसटी क्रेडिटची रक्कम धरलेली आहे, पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत द्यावी. त्याचबरोबर आमचा माल शक्य तेव्हा थेट गाडीत चढवावा. हबमध्ये उतरवावाच लागला तर उतरवताना आणि चढवताना प्रत्येक नगाचे वजन घ्यावे, तो कुलूपबंद जाळीत ठेवावा, आणि टेप बदललेला नग दिसल्यास पुढे पाठवण्याआधी आम्हाला फोटो पाठवावा. यापुढे बिल्टीवर अंदाजे वजन न लिहिता प्रत्यक्ष वजन लिहावे.

हे पत्र कॅरेज बाय रोड अॅक्ट २००७ च्या कलम १६ खालील नोटीस समजावी. चालू भाड्याची बिले आम्ही नेहमीप्रमाणे भरत आहोत.

सोबत: बिल्टी, बिले, पीओडी, वजनाचे फोटो, टेपचे फोटो, सात खेपांच्या प्रवासाचा तक्ता, सप्लायरचे संमतीपत्र.

शेवटून दुसरी ओळ मी मुद्दाम घातली. बरेच जण भाडं अडवून धरतात, मग पुढचा माल त्यांच्या गोडाऊनमध्ये अडकतो आणि भांडण चोरीचं राहतच नाही, उधारीचं होतं. तुमच्या मालाचा इन्शुरन्स असेल तर मात्र पत्राच्या आधी इन्शुरन्सवाल्याला कळवा, आणि ट्रान्सपोर्टने "सगळं मिटलं" असं लिहिलेला कागद पुढे केला तर इन्शुरन्सवाल्याला विचारल्याशिवाय सही करू नका. तुमचे पैसे दिल्यावर ट्रान्सपोर्टकडून वसूल करायचा हक्क इन्शुरन्स कंपनीकडे जातो, तो तुम्हीच सोडून दिलात तर तुमचाच क्लेम अडतो. आमचा इन्शुरन्स नव्हता, आता काढलाय.

बारा दिवसांनी फोन आला. तीन गोष्टी म्हणाले, तुम्हालाही ह्याच म्हणतील. पहिली, बिल्टीवर "ओनर्स रिस्क" छापलंय. मी म्हटलं साहेब, त्याचा अर्थ तुमच्या गोडाऊनमध्ये बॉक्स फुटला तरी तुमची काही जबाबदारी नाही असा होत नाही, कलम १२ बघा. दुसरी, बॉक्सच्या आत काय होतं आम्हाला काय माहीत, आम्ही सांगाल ते लिहून घेतो. हे अर्धं खरंय, पण एप्रिलच्या बिल्टीवर सप्लायरने भांडून प्रत्यक्ष वजन ९६५ किलो लिहून घेतलं होतं, आणि बिल्टीवरचं वजन आणि नग हे कायद्याने सकृतदर्शनी पुरावा धरतात, इकडे भरलं ९४६ किलो आणि वर काही ग्रॅम, मग १८ किलोचं काय झालं ते तुम्ही सांगा. यावर तो माणूस थोडा वेळ गप्प होता. तिसरी, पहिल्या दोन पीओडी क्लिअर आहेत. इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पत्रात ते आधीच कबूल केलं होतं म्हणून बरं.

आधी दहा हजार देतो म्हणाले, गुडविल म्हणून. नाही म्हटलं, त्यांना कागदावर आकडे मांडून ईमेल केला, मार्च आणि एप्रिल पूर्ण, जानेवारी फेब्रुवारी अर्धे. आठवडाभराने तेच मान्य झालं, २७,९०७ अधिक ८,८८०, एकूण ३६,७८७, पुढच्या भाड्याच्या बिलातून तीन महिन्यांत वळते करून. पैसे रोख हवे होते पण ताणलं नाही. मिटलं नसतं तर दोन वाटा होत्या, वकिलामार्फत सिव्हिल दावा, किंवा सोलापूरला पोलीस तक्रार, विश्वासाने सोपवलेला माल वाहतूकदाराने हडप केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये त्याला वेगळी आणि जास्त शिक्षा आहे. पण ४५ हजारासाठी सोलापूरच्या चकरा मारायच्या म्हणजे दुकान कोण बघणार, म्हणून पहिल्या दोन खेपांचे अर्धे सोडले, वाईट वाटलं तरी.

उपाययोजनांपैकी सगळ्या झाल्या असं नाही. थेट गाडी मिळते तेव्हा देतात, आणि जाळी बसवली म्हणे, मी बघितलेली नाही. हबमध्ये वजन करायचं सुरुवातीला केलं, आता करतात का नाही शंका आहे. आमच्या बाजूने सप्लायरने प्रत्येक बॉक्सवर मार्करने वजन आणि खेपेचा नंबर टाकायला सुरुवात केली, तळालाही छापील टेपचे दोन पट्टे, आणि माझ्या मते खरा फरक ह्यानेच पडला, उघडणाऱ्याला कळतं की ह्या मालाचं कोणीतरी वजन करतंय.

मे पासून अकरा खेपा आल्या, काही सोलापूरहूनच, कॉइल एकही कमी नाही. एकदा ऑगस्टमध्ये पाच बॉक्सवर साधी खाकी टेप दिसली, मी लगेच गाडी थांबवली, फोटो काढले, ड्रायव्हरला बसवून ठेवलं, पाचही बॉक्स काट्यावर चढवले तर वजन पूर्ण. सप्लायरला फोन लावला तर तो म्हणाला, "अहो छापील टेप संपली होती आमची, कळवायचं राहून गेलं."